आधी तोंडात, मग हातात: बाळ सगळं चाखून का बघतं?

पाच महिन्यांच्या बाळाच्या हातात खुळखुळा दिला, तर तो वाजवायचा असतो हे त्याच्या गावीही नसतं. खुळखुळा थेट तोंडात जातो. मग आजीच्या साडीचा पदर, मोबाइलचा कोपरा, दुपट्याची गाठ, स्वतःच्या पायाचा अंगठा, जे हाताला लागेल ते. घरात यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे "भूक लागली असेल" आणि दुसरं "दात येतायत वाटतं". दोन्ही अधूनमधून खरी असतात. पण पोटभर दूध पिऊन नुकतंच ढेकर दिलेलं बाळही हेच करतं. आणि खालचे पुढचे दोन दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतात, काहींना तर वर्ष होत आलं तरी येत नाहीत. वस्तू तोंडात घालणं मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरू झालेलं असतं. हिरड्या शिवशिवायला लागल्या की बाळ जोर लावून चावतं, लाळ जास्त गाळतं, हे खरं. तरी दात हे या सवयीचं मूळ नाही.

मूळ असं आहे की त्या वयात वस्तू ओळखायला बाळाकडे तोंडाइतकं तयार झालेलं दुसरं काहीच नसतं.

तोंडाचा सराव जन्माच्या खूप आधी सुरू होतो. गर्भाच्या सोनोग्राफीत चौथ्या महिन्यातलं बाळ अंगठा तोंडाकडे नेताना, चोखताना दिसतं. ते गर्भजल गिळतं, जीभ हलवतं. म्हणजे जन्माला येताना ओठ, जीभ आणि जबडा यांचे स्नायू कित्येक महिने काम करून आलेले असतात. हातांचं तसं नाही. नवजात बाळाची मूठ मिटलेली असते. तळहाताला काही लागलं की ती आपोआप आवळते, आणि एकदा आवळलेलं सोडायचं कसं हे त्याला कळत नाही. ही आपोआप होणारी पकड चौथ्या ते सहाव्या महिन्यात ओसरते. मग बाळ पंजाने ओढून घ्यायला लागतं, पण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू धरणं साधारण नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत जमत नाही. मधल्या काळात बाळाचा हात वस्तू उचलून आणतो, पण ती कशी आहे हे चाचपून सांगायचं काम त्याला नीट येत नाही. ते काम तोंड करतं.

तोंड ते इतकं चांगलं का करतं, याची एक खूण मोठ्यांकडेही आहे. भाकरीच्या घासात एखादा केस आला, तर जिभेला तो तत्काळ कळतो, आणि तोच केस ताटात बोटांनी शोधायला गेलं तर दोनदा चाचपावं लागतं. ओठ आणि जिभेच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं फार दाट असतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३०च्या दशकात, शस्त्रक्रियेच्या वेळी जागे असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीज लावून, कुठे लावल्यावर शरीरात कुठे जाणवतं याचा नकाशा काढला. त्या नकाशात अख्ख्या पाठीला जेवढी जागा मिळाली त्याहून कितीतरी जास्त ओठ आणि जिभेला मिळाली. बोटांचा वाटाही मोठाच होता, पण तो नकाशा मोठ्या माणसांचा होता. बाळाच्या बोटांना त्या जागेचा उपयोग करायला अजून अवकाश असतो.

हात आणि तोंड यांच्यातली वाटही तयारच असते. नवजात बाळाच्या दोन्ही तळहातांवर हलकेच दाबलं, तर त्याचं तोंड उघडतं. पुढे काही महिन्यांनी नीट पाहिलं तर लक्षात येतं, की हात तोंडापर्यंत पोचायच्या आधीच तोंड उघडलेलं असतं. वस्तू आपटून मग ओठ विलग होत नाहीत. म्हणजे हे वेंधळेपणाने होत नसतं, बाळाला ती वस्तू तोंडातच न्यायची असते.

एक वाटी आणि सात महिन्यांचं बाळ

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहण्यासाठी सात महिन्यांच्या, आधाराने बसणाऱ्या बाळापुढे गोधडीवर स्टीलची एक छोटी वाटी ठेवावी. कडा गुळगुळीत असलेली, आमटीची नेहमीची. मग मध्ये न पडता दोन-तीन मिनिटं नुसतं बघत राहावं.

आधी बाळ वाटीकडे टक लावून बघतं. मग पंजा टाकतं, वाटी घरंगळते, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात कड हाताला लागते. उचललेली वाटी सरळ ओठांशी जाते. पहिला स्पर्श थंड असतो, त्याने बाळ क्षणभर थांबतं. मग खालचा ओठ कडेवरून सरकतो आणि जीभ आत-बाहेर करत वाटीचा बाक शोधते. त्यानंतर हिरड्या कडेवर दाबल्या जातात. दाबलं तरी वाटी दबत नाही, म्हणजे ती कडक आहे. पदर दाबला होता तेव्हा तो चेपला होता आणि ओला झाला होता. एवढ्यात बाळाने तापमान, कड, गोलाई, कठीणपणा, आकार आणि चव इतक्या गोष्टी तपासल्या.

यापुढे जे होतं तिकडे बहुतेक घरांत कुणाचं लक्ष जात नाही. बाळ वाटी तोंडातून काढतं आणि तिच्याकडे बघतं. हात थोडा वळवतं, वाटीची दुसरी बाजू समोर येते. कधी वाटी या हातातून त्या हातात जाते. मग पुन्हा तोंडात, पण या वेळी वेगळी कड. तोंडात, बाहेर, नजर, वळवणं, पुन्हा तोंडात असा हा फेरा चालतो. जिभेने जे सांगितलं ते डोळ्यांना दिसणाऱ्या वाटीशी जोडलं जात असतं. लहान बाळांच्या हाताळण्याचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या हॉली रफ यांनी १९८४ साली सहा, नऊ आणि बारा महिन्यांच्या बाळांची तुलना केली होती. त्यात वय वाढेल तसं तोंडात घालणं कमी होत गेलं आणि बोटांनी चाचपणं वाढत गेलं. म्हणजे हे काम तोंडाकडून हळूहळू बोटांकडे जातं.

तोंडाने कळलेलं डोळ्यांना उमगतं का, यावर एक गाजलेला प्रयोग आहे. १९७९ साली अँड्र्यू मेल्टझॉफ आणि रिचर्ड बॉर्टन यांनी सुमारे महिनाभराच्या बाळांना, ती दिसणार नाही अशा बेताने, एकतर गुळगुळीत किंवा बारीक गाठी असलेली चोखणी चोखायला दिली. नंतर दोन्ही आकार समोर धरले. बाळांनी जी चोखली होती तिच्याकडे जास्त वेळ पाहिलं. पुढे इतर काही संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा मात्र तोच निकाल मिळाला नाही, त्यामुळे इतक्या लहान वयाबद्दल ठाम बोलू नये. सहा-सात महिन्यांच्या बाळाचा तो तोंड-नजर-तोंड फेरा मात्र कुठल्याही घरात बघता येतो.

आता त्याच बाळाच्या हातातून कुणी "छी, घाण" म्हणत वाटी काढून घेतली, तर काय होतं? बाळाची तपासणी अर्ध्यावर राहते. थोडं रडून ते पुढची वस्तू उचलतं आणि तीही तोंडात घालतं, कारण दुसरा मार्ग त्याच्याकडे नाही. सात महिन्यांच्या बाळाला ही सवय मोडायला लावणं म्हणजे त्याचे डोळे बांधण्यासारखं आहे. तोंडात घालू देऊ नका, हा सल्ला म्हणूनच आम्हाला पटत नाही. बाळाच्या हाताला काय लागेल, हे मात्र मोठ्यांच्या हातात असतं आणि खरं लक्ष तिथे हवं.

या चाखण्याचा जेवणाशीही संबंध आहे. लहान बाळाला उबळ येण्याची जागा जिभेवर बरीच पुढे असते. म्हणून सहाव्या महिन्यात वरणभाताचा चमचा थोडा आत गेला तरी बाळ ओकारी काढतं आणि घरचे घाबरतात. पुढच्या काही महिन्यांत ती जागा मागे सरकते. मोठ्या, न तुटणाऱ्या वस्तू तोंडात फिरवताना जिभेला बाजूला वळायची सवय होते, आणि पुढे घास गालाकडे नेऊन चावायला नेमकी हीच हालचाल लागते.

जंतूंचं काय?

बाळाच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असावी असं नाही. निरोगी, सहा महिन्यांपुढच्या बाळाची वाटी, चमचा, लाकडी खुळखुळा साबणाच्या पाण्याने धुवून कोरडा केला की पुरतो. गोधडीवरून खाली पडलेली वस्तू दर वेळी उकळत बसायची गरज नाही. जिथे खरंच सावध राहायचं ती ठिकाणं वेगळी आहेत. चपला उंबऱ्याबाहेर राहाव्यात, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा रस्त्याचा चिखल घरात येतो आणि बाळ त्याच फरशीवर रांगतं. फरशी फिनेलने पुसली असेल तर ती वाळल्यावर साध्या पाण्याने एकदा पुन्हा पुसावी.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा भागांतल्या जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या-दारांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात. बाळ नवव्या-दहाव्या महिन्यात धरून उभं राहायला लागलं की खिडकीची खालची चौकट बरोबर त्याच्या तोंडासमोर येते, आणि ते ती चावतं. भारतात नोव्हेंबर २०१७पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही, पण त्याआधीच्या थरांत काय आहे ते बघून कळत नाही. पोटात गेलेल्या शिशातलं मोठं माणूस साधारण दहावा हिस्सा शोषतं, लहान मूल जवळपास निम्मं शोषू शकतं, आणि त्याचा मार वाढत्या मेंदूवर बसतो. पोपडे सुटलेली चौकट कोरड्या पॉलिशपेपरने घासू नये. त्याची धूळ पोपड्यांपेक्षा वाईट, कारण ती सगळ्या घरभर बसते. जागा ओली करून सुटे पोपडे काढावेत, ओल्या फडक्याने पुसून घ्यावं आणि वरून नवा रंग लावावा. हे काम होईपर्यंत बाळाला त्या खोलीत ठेवू नये.

भडंगातला शेंगदाणा

कोल्हापूरच्या घरात बाळाच्या तोंडासाठी सगळ्यात धोक्याची वस्तू कुठली, असं विचारलं तर उत्तर आहे भडंगातला शेंगदाणा. संध्याकाळी सतरंजीवर बसून सगळे भडंग खातात, चार दाणे खाली सांडतात, कुणाच्या लक्षात येत नाही. नऊ महिन्यांच्या बाळाला नुकतीच चिमटी जमू लागलेली असते, आणि बारीक वस्तू उचलण्यात त्याला त्या दिवसांत सगळ्यात जास्त रस असतो. सवय तीच, फक्त आता तोंडात जाणाऱ्या वस्तू बारीक झालेल्या असतात. चाखण्याचं वय आणि चिमटीचं वय एकमेकांवर येतं, ते हे तीन-चार महिने सगळ्यात जपायचे.

शेंगदाणाच का वाईट? तो कडक आणि गुळगुळीत असतो. बाळाला पुढचे दात असले तरी दाढा नसतात. पहिल्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात. पुढच्या दातांनी दाण्याच्या दोन पाकळ्या होतात, पण त्यांचं पीठ होत नाही. बाळ हसलं, रडलं किंवा दचकून जोरात श्वास घेतला, की पाकळी श्वासनळीत जाते. ती नळी साधारण त्याच्या करंगळीएवढी रुंद असते. दाणा आत ओल धरून फुगतो आणि त्यातल्या तेलाने आतलं अस्तर सुजतं.

यात फसवणारा भाग पुढे आहे. दाणा जाताना जोराचा ठसका लागतो, बाळ खोकतं, लाल होतं. पाकळी खाली फुफ्फुसाच्या एका फांदीत, बऱ्याचदा उजव्या बाजूच्या, जाऊन बसली की खोकला थांबतो आणि बाळ पुन्हा खेळू लागतं. सगळ्यांना वाटतं, गेलं ते पोटात. काही तासांनी किंवा काही दिवसांनी खोकला परत येतो, छातीत एका बाजूला शिट्टीसारखा आवाज येतो, ताप येतो. औषधाने बरं वाटतं आणि पुन्हा त्याच बाजूला न्यूमोनिया होतो. एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही, त्यामुळे साधा एक्स-रे बघून निश्चिंत होता येत नाही. म्हणून डॉक्टरांना पहिली गोष्ट हीच सांगायची, की खाताना किंवा खेळताना अचानक ठसका लागला होता. तो ठसका कुणी पाहिला आणि सांगितला, तर डॉक्टर दुर्बिणीने श्वासनळी तपासतात आणि दाणा त्यातूनच काढतात.

अख्खे किंवा अर्धे शेंगदाणे, फुटाणे, चणे मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत देऊ नयेत. याचा अर्थ शेंगदाणा पूर्ण बंद असा नाही. सहा महिने झाल्यावर अगदी बारीक वाटलेलं कूट पातळ पेजेत किंवा खिमटीत चांगलं मिसळून थोडं थोडं देता येतं. बाळाला आधीपासून जोराचा एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारून मगच.

उबळ आली की घुसमट झाली?

हा फरक घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांना आणि सांभाळणाऱ्या बाईलाही माहीत असायला हवा. उबळ आवाज करते. बाळ ओकारी काढतं, जीभ बाहेर ढकलतं, खोकतं, रडतं, चेहरा लाल होतो. या वेळी हवा जात-येत असते आणि बाळ स्वतःच वस्तू बाहेर ढकलत असतं. शेजारी बसून बघायचं, तोंडात बोट घालायचं नाही. आत घातलेल्या बोटाने वस्तू मागे ढकलली जाते आणि नुसती उबळ होती तिथे घुसमट होते.

घुसमट गप्प असते. बाळाला रडता येत नाही, खोकला येत नाही किंवा अगदी क्षीण येतो, डोळे विस्फारतात. सावळ्या बाळाचा चेहरा निळा पडलेला पटकन कळत नाही, म्हणून ओठांचा आतला भाग आणि जीभ बघावी. अशा वेळी एकाने १०८ला फोन करायचा आणि दुसऱ्याने लगेच सुरुवात करायची.

वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, जबडा तळहातात धरायचा, गळा दाबायचा नाही, आणि डोकं छातीपेक्षा खाली ठेवायचं. हात मांडीवर टेकवला की बाळ घट्ट राहतं. दुसऱ्या तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच ठोके द्यायचे, जोरात. वस्तू निघाली नाही तर बाळाला उताणं करायचं, डोकं खालीच, आणि छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाबायचं. प्रत्येक वेळी छाती साधारण चार सेंटिमीटर आत जायला हवी. मग पुन्हा पाच ठोके आणि पाच दाब, वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत. पोटावर दाबायचं नाही, ते वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी आहे. पाय धरून उलटं लटकवणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, ती सोडून द्यावी. वस्तू तोंडात स्पष्ट दिसली तरच काढायची, आंधळेपणाने चाचपायची नाही.

बाळ शुद्ध हरपून गळून पडलं, तर कडक जागेवर उताणं ठेवून त्याच ठिकाणी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० वेळा दाबायचं. मग तोंडात वस्तू दिसते का ते पाहायचं, आणि बाळाचं नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकून दोन हलके श्वास द्यायचे. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवायचं. वस्तू निघून बाळ सावरलं, तरी त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे तपासून घ्यावं. हे सगळं वाचून हाताला येत नाही. बाहुलीवर एकदा प्रशिक्षकाकडून शिकून घेतलं, तर वेळेला हात थरथरत नाहीत.

काय ठेवायचं, काय उचलायचं

खेळण्यांच्या चाचणीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक छोटं नळकांडं वापरतात, त्याचं तोंड ३१.७ मिलिमीटर रुंद असतं. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती धोक्याची. घरी पुठ्ठ्याची चार सेंटिमीटर रुंदीची नळी करून ठेवली तर माप थोडं सैल आणि जास्त सुरक्षित होतं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते या नळीतून आरामात जातं. पेनाचं टोपण, द्राक्ष, गोट्या, बाटलीचं झाकण, सगळं जातं. वाटी, चार सेंटिमीटरहून जाड लाकडी वस्तू, मोठा चमचा जात नाही. खेळण्यावर आयएसआय खूण आहे का बघावी. १ जानेवारी २०२१पासून ती सक्तीची आहे. लाकडी खेळण्याचा रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. फडक्याला रंग लागला तर ते बाळाच्या हातात देऊ नये.

बाळाच्या अंगावरचं सामानही याच हिशेबात येतं. हुपरीचे चांदीचे वाळे बारशाला हौसेने घालतात, आणि सहाव्या महिन्यात पाय तोंडात घेणारं बाळ त्याच वाळ्यांच्या घुंगरांवर हिरड्या चालवतं. मनगट्यांचे काळे मणी दोऱ्यात ओवलेले असतात आणि लाळेने तो दोरा कुजतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक घुंगरू, प्रत्येक मणी चिमटीत धरून जोरात ओढून बघावा. हलत असेल तर दागिना उतरवून ठेवावा. बिनघुंगराचे, सलग कडीचे वाळे घेतले तर ही चिंताच राहत नाही.

गोल बटणासारख्या बॅटरीची गोष्ट वेगळीच आहे. रिमोट, गाणारी खेळणी, गाडीची किल्ली, वजनकाटा यांत ती असते. सीआर २०३२ छापलेली तीन व्होल्टची बॅटरी २० मिलिमीटर रुंद असते आणि अन्ननलिकेत बरोबर अडकते. बॅटरी ओलसर अस्तराला चिकटली की वीज वाहू लागते, तिच्याजवळ तीव्र अल्क तयार होतो आणि दोन तासांत तिथे खोल भाजतं. वरून काहीही न दिसता हे होऊ शकतं. लाळ गळणं, दूध न पिणं, खोकला, एवढंच दिसतं. एखादी बॅटरी सापडत नसेल आणि बाळ असं करत असेल, तर उलटी करवू नये, काही भरवू नये, वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर नाहीच. सरळ मोठ्या रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढावा. शेंगदाण्यासारखी ही लपत नाही. एक्स-रेत तिच्या गोलाला दुहेरी कड दिसते, त्यावरून ती नाण्यापेक्षा वेगळी ओळखता येते.

हे कधी थांबतं

वर्षाच्या सुमाराला बोटं काम उचलतात, आणि दीड-दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचं तोंडात घालणं बरंच कमी होतं. दमलेलं किंवा झोपाळलेलं मूल त्यानंतरही अंगठा चोखतं, पदर चावतं. त्यात काळजीचं काही नाही. उलट, सात महिने झाले तरी बाळ हात तोंडाकडे नेत नसेल, वस्तूकडे झेपावत नसेल, किंवा एकाच हाताने सगळं करत दुसरी मूठ मिटूनच ठेवत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

दोन वर्षांपुढचं मूल माती, खडू, भिंतीचा चुना नुसतं चाखत नसेल, रोज शोधून खात असेल, तर ती सवय वेगळी. तिच्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. मूल फिकट, चिडचिडं, लवकर दमणारं दिसतं. रागावून ती सुटत नाही. हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा तपासून डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत लोहाचं औषध पुरे महिने दिलं, तर ती बऱ्याच मुलांत कमी होते. मूल रंगाचे पोपडे खात असेल तर त्याच वेळी रक्तातलं शिसंही तपासून घ्यावं, कारण लोह कमी पडलेलं आतडं शिसं जास्त शोषून घेतं.